लिव्हर फंक्शन टेस्टचा रिपोर्ट: आकडे थोडे वाढले असतील तर काय समजायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिपोर्टमध्ये दहा-बारा आकडे आहेत. आधी कुठला पाहायचा?

बहुतेकांची नजर ठळक अक्षरांत छापलेल्या एसजीपीटीवर जाते. मी रिपोर्ट हातात घेतला की आधी बिलिरुबिन पाहतो, मग अल्ब्युमिन, आणि एन्झाइम्सकडे त्यानंतर वळतो. या तपासणीचं नाव थोडं फसवं आहे. 'फंक्शन टेस्ट' म्हणतात, पण एसजीपीटी, एसजीओटी, अल्कलाइन फॉस्फेटेज आणि जीजीटी हे चारही आकडे यकृताचं काम मोजतच नाहीत. पेशींना इजा झाली आहे का, किंवा पित्ताचा मार्ग कुठे अडला आहे का, एवढंच ते सांगतात.

कामाबद्दल सांगणारे आकडे वेगळे. अल्ब्युमिन हे प्रथिन यकृतच बनवतं. रक्त गोठवणारे बरेचसे घटकही तिथेच तयार होतात, म्हणून प्रोथ्रॉम्बिन टाइम किंवा आयएनआर महत्त्वाचा; तो मात्र बऱ्याचदा या रिपोर्टमध्ये नसतो, वेगळा सांगावा लागतो. बिलिरुबिन हा पिवळा पदार्थ रक्तातून उचलून पित्तात सोडणं हेही यकृताचंच काम.

अल्ब्युमिन रक्तात साधारण तीन आठवडे टिकतं, त्यामुळे यकृत अचानक बिघडलं तरी पहिले काही दिवस ते नॉर्मलच दिसतं. गोठवणाऱ्या घटकांपैकी सातवा घटक काही तासांतच संपतो, म्हणून आयएनआर लवकर बोलतो. अचानक आलेल्या कावीळीत डॉक्टर एसजीपीटीपेक्षा आयएनआरची चौकशी जास्त करतात ते याचसाठी.

एसजीपीटी आणि एसजीओटी वाढतात म्हणजे नेमकं काय होतं?

ही दोन्ही एन्झाइम्स पेशींच्या आत काम करतात. पेशीला इजा झाली की ती रक्तात झिरपतात. पाईप गळला की जमीन ओली होते, तसं. पण ओल पाहून टाकीत पाणी किती उरलं आहे हे कळत नाही. एसजीपीटी २००० असलेला तीव्र हिपॅटायटिसचा रुग्ण महिन्या-दोन महिन्यांत पूर्ण बरा होऊ शकतो आणि एसजीपीटी ३५ असलेल्या माणसाला सिरॉसिस, म्हणजे जुन्या इजांच्या वणांनी ताठरलेलं यकृत, असू शकतं. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

एसजीपीटीचं नवं नाव एएलटी आणि एसजीओटीचं एएसटी. रिपोर्टवर दोन्हींपैकी काहीही छापलेलं असतं. एएलटी मुख्यतः यकृतात असतं. एएसटी यकृताइतकंच स्नायूंमध्ये, हृदयात आणि तांबड्या रक्तपेशींमध्येही सापडतं. १९५०च्या दशकात ते रक्तात मोजायला सुरुवात झाली तीही हृदयविकाराचा झटका ओळखण्यासाठी. त्यामुळे एकटं एसजीओटी वाढलं की यकृतावर लगेच आरोप ठेवू नये.

'थोडं वाढलंय' म्हणजे किती?

नुसता आकडा बघू नका. लॅबच्या वरच्या मर्यादेच्या तो किती पट आहे ते पाहा. मर्यादा ४० असेल तर ८० म्हणजे दुप्पट. दुपटीपर्यंतची वाढ काठावरची, दोन ते पाच पट सौम्य, पाच ते पंधरा पट मध्यम आणि त्याच्या वर तीव्र, अशी ढोबळ वाटणी वापरली जाते. हजाराच्या पुढचा आकडा सहसा मोजक्या कारणांनीच येतो: तीव्र विषाणूजन्य हिपॅटायटिस, औषधाचा किंवा विषाचा परिणाम, यकृताचा रक्तपुरवठा एकाएकी कमी होणं. तिथे 'वाट पाहू' हा पर्याय नसतो.

आता 'नॉर्मल'बद्दल. लॅबची मर्यादा ज्या 'निरोगी' लोकांवरून ठरते, त्यांच्यातल्या काहींना न कळलेलं फॅटी लिव्हर असतंच. म्हणून काही लॅब ५५पर्यंत नॉर्मल छापतात. पचनसंस्थेच्या विकारांच्या तज्ज्ञांच्या अमेरिकेतल्या संघटनेने २०१७ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत एएलटीची खरी निरोगी मर्यादा पुरुषांसाठी २९ ते ३३ आणि स्त्रियांसाठी १९ ते २५ मानली आहे. ४८ हा आकडा एका लॅबमध्ये ठळक छापला जातो आणि दुसरीत साधा. रक्त तेच असतं.

एखादा रिपोर्ट धरून समजावून सांगाल का?

४६ वर्षांचा पुरुष, काहीही त्रास नाही. नेमाच्या तपासणीत हे आकडे आले: बिलिरुबिन ०.८, एसजीपीटी ८४, एसजीओटी ५८, अल्कलाइन फॉस्फेटेज ९२, अल्ब्युमिन ४.३. लॅबच्या मर्यादा एसजीपीटी आणि एसजीओटी या दोन्ही ट्रान्सअमिनेजसाठी ४० आणि फॉस्फेटेजसाठी १२०.

पहिलं पाऊल: काम ठीक आहे का? बिलिरुबिन आणि अल्ब्युमिन दोन्ही नॉर्मल, म्हणजे आजची घाई नाही.

दुसरं: इजा पेशींना आहे की पित्तमार्गाला? एसजीपीटी मर्यादेच्या २.१ पट, फॉस्फेटेज मर्यादेच्या आत. म्हणजे इजा पेशींची, पित्तमार्गाची नाही.

तिसरं, कारण. इथे माणसाशी बोलावं लागतं, आणि रिपोर्ट कितीही टक लावून पाहिला तरी बोलण्याची जागा तो घेत नाही. दारू किती आणि किती वर्षं? गेल्या तीन-चार महिन्यांत सुरू केलेलं प्रत्येक औषध, त्यात वजन कमी करण्याच्या गोळ्या, वनस्पतिजन्य काढे आणि जिममधल्या पावडरीसुद्धा. वजन, कमरेचा घेर, साखर. घरात कुणाला यकृताचा आजार होता का? या माणसाची दारू नाममात्र, औषध एकही नाही, वजन ८४ किलो, उंचीच्या मानाने जास्त, आणि तीन महिन्यांची सरासरी साखर ६.२, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. हिपॅटायटिस बी आणि सी या दोन्ही तपासण्या केल्या, दोन्ही निगेटिव्ह. फॅटी लिव्हर उघड दिसत असलं तरी या दोन तपासण्या मी टाळत नाही. चरबीही असते आणि विषाणूही असतो, असे लोक मी पाहिले आहेत. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर दिसलं.

चौथं पाऊल सर्वात जास्त वेळा राहून जातं: यकृतात व्रण, म्हणजे जुन्या इजांचे ताठर वण, किती साठले आहेत? सोनोग्राफीतली 'ग्रेड वन' किंवा 'ग्रेड टू' ही चरबीची ग्रेड असते, व्रणांची नव्हे. ही गल्लत इतकी सर्रास आहे की ग्रेड वन ऐकून निर्धास्त झालेले आणि ग्रेड टू ऐकून झोप उडालेले असे दोन्ही प्रकारचे लोक भेटतात. व्रणांचा अंदाज घ्यायला फिब-४ नावाचं सोपं गणित आहे. त्याला लागतं फक्त वय, दोन एन्झाइम्स आणि प्लेटलेट्स.

```
फिब-४ = (वय × एसजीओटी) ÷ (प्लेटलेट्स × √एसजीपीटी)
```

प्लेटलेट्स हजारांत घ्यायच्या. याच्या २ लाख १० हजार, म्हणजे २१०. वरती ४६ × ५८ = २६६८. खाली ८४चं वर्गमूळ ९.१७, गुणिले २१०, साधारण १९२५. उत्तर १.३९. १.३च्या खाली असेल तर लक्षणीय व्रण असण्याची शक्यता फारच कमी. २.६७च्या वर असेल तर शक्यता बरीच. हा माणूस जेमतेम मधल्या पट्ट्यात आला, म्हणून इलॅस्टोग्राफी केली. बाहेरून यकृताचा ताठरपणा मोजणारी ही तपासणी. सुई नाही, दुखणं नाही. आकडा ६.४ किलोपास्कल. आठच्या खाली असल्याने दिलासा.

उपाय म्हणून एकही 'लिव्हर टॉनिक' दिलं नाही. वजन उतरवायचं आणि साखरेवर लक्ष ठेवायचं, इतकंच. नऊ महिन्यांत तो ७७ किलोवर आला, म्हणजे सुमारे ८ टक्के घट, आणि एसजीपीटी ४१ झालं. फिब-४ पुन्हा एक-दोन वर्षांनी.

म्हणजे एसजीपीटी उतरलं की यकृत बरं झालं, असंच ना?

त्याचं झालं, कारण वजन उतरल्यामुळे आकडा उतरला. पण आकडा उतरण्याचा दुसराही एक रस्ता आहे, आणि तो वाईट आहे.

५८ वर्षांची स्त्री, बारा वर्षं मधुमेह. पाच वर्षांपूर्वी एसजीपीटी ९६ आणि एसजीओटी ७०. तेव्हा 'थोडी सूज आहे' म्हणून विषय तिथेच संपला. आताचा रिपोर्ट: एसजीपीटी ३८, एसजीओटी ५२, बिलिरुबिन १.१, अल्ब्युमिन ३.६, प्लेटलेट्स १ लाख ३५ हजार. लिव्हरच्या पानावर ठळक छापलेला आकडा एकच, ५२. घरच्यांना वाटलं, पूर्वीपेक्षा सुधारणा आहे.

गणित करा. ५८ × ५२ = ३०१६. ३८चं वर्गमूळ ६.१६, गुणिले १३५, सुमारे ८३२. फिब-४ आलं ३.६. इलॅस्टोग्राफी १९ किलोपास्कल. हे सिरॉसिसच्या घरातले आकडे.

झालं असं की वर्षानुवर्षं व्रण साठत गेले, गळण्याजोग्या पेशीच कमी उरल्या आणि एसजीपीटी आपोआप 'नॉर्मल' झालं. ताठर यकृतातून रक्त सहज पुढे सरकत नाही, ते मागे तुंबतं, प्लीहा फुगते आणि प्लेटलेट्स अडवून ठेवते. म्हणून सुगावा लिव्हरच्या पानावर नव्हता, सीबीसीच्या पानावर होता. एसजीओटी हे एसजीपीटीच्या पुढे गेलं होतं, तीही खूणच. आता तिला दर सहा महिन्यांनी यकृताच्या कर्करोगासाठी सोनोग्राफी आणि अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा पाहायला एन्डोस्कोपी लागणार.

८४वाला माणूस घाबरून आला होता आणि ३८वाली बाई निश्चिंत. जुने रिपोर्ट फेकू नका असं मी सांगतो ते अशा रुग्णांमुळे. एका रिपोर्टपेक्षा पाच वर्षांची ओळ पुष्कळ सांगते.

फिब-४ला मर्यादाही आहेत. पस्तिशीच्या आत ते भरवशाचं नाही, पासष्टीनंतर खालची सीमा १.३ऐवजी २ धरतात. ताप, तीव्र हिपॅटायटिस किंवा अन्य कारणाने प्लेटलेट्स उतरलेल्या असताना ते लावलं तर विनाकारण घाबरवून सोडतं. आजार ओसरल्यावर करा.

एसजीओटी एसजीपीटीपेक्षा जास्त आहे. दारूच का?

दारू हे एक कारण. एसजीओटी एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त असेल, जीजीटीही वाढलेलं असेल आणि दोन्ही ट्रान्सअमिनेज तीनशेच्या आत असतील, तर संशय बळावतो. दारूच्या हिपॅटायटिसमध्येही हे आकडे सहसा तीनशे ओलांडत नाहीत, म्हणून तिथे लहान आकड्याला लहान आजार समजणं धोक्याचं. तिथे बिलिरुबिन आणि आयएनआर बघतात.

दुसरं कारण वर आलंच, वाढलेले व्रण. तिसरं कारण मात्र निरुपद्रवी आणि हमखास विसरलं जाणारं: स्नायू. सवय नसताना जोरात वजनं उचलली तर दोन्ही एन्झाइम्स आठवडाभर, कधी त्याहून जास्त, वर राहतात. यकृताचा त्यात काही दोष नसतो. अशा वेळी क्रिएटिन कायनेज म्हणजे सीके तपासायचं. ते भरपूर वाढलेलं आणि जीजीटी नॉर्मल असेल तर गळती स्नायूंची. आठ-दहा दिवस व्यायाम थांबवून पुन्हा रक्त द्या. व्यायाम बंद करूनही सीके चढंच राहिलं तर स्नायूंच्या आजाराचा विचार करावा लागतो.

बाकी सगळं नॉर्मल, फक्त बिलिरुबिन २.२. कावीळ आहे का?

टोटलच्या खाली डायरेक्ट आणि इनडायरेक्ट असे दोन आकडे असतात, खरं उत्तर तिथे आहे. जुन्या तांबड्या पेशी मोडल्या की त्यातून इनडायरेक्ट बिलिरुबिन निघतं. यकृत त्याला पाण्यात विरघळणारं करतं, ते डायरेक्ट. समजा २.२पैकी डायरेक्ट ०.४ आहे, म्हणजे १८ टक्के. पाचव्या हिश्श्यापेक्षा कमी. एन्झाइम्स नॉर्मल, हिमोग्लोबिन नॉर्मल. असं असेल तर बहुधा गिल्बर्ट सिंड्रोम.

नाव आजारासारखं आहे, पण हा आजार म्हणण्याजोगा नाही. बिलिरुबिनवर प्रक्रिया करणारं यकृतातलं एन्झाइम जन्मतःच थोडं मंद असतं. उपास, ताप, पाणी कमी पडणं, जागरण, जोरदार व्यायाम यांनी बिलिरुबिन चढतं आणि पुन्हा उतरतं. सहसा ते तीनच्या आतच राहतं. यकृत खराब होत नाही, औषध लागत नाही. गंमत म्हणजे रक्त उपाशीपोटी द्यायला सांगतात, आणि जास्त वेळ उपाशी राहिल्यानेच हा आकडा चढलेला मिळतो.

शिक्का मारण्याआधी एक गोष्ट तपासायची: तांबड्या पेशी प्रमाणाबाहेर तर मोडत नाहीत ना? त्यासाठी सीबीसी, रेटिक्युलोसाइट काउंट आणि एलडीएच पुरतात. गिल्बर्ट असल्याचं डॉक्टरांना सांगून ठेवावं, कारण कर्करोगावरच्या इरिनोटेकॅनसारख्या काही थोड्या औषधांचा अशा माणसांना जास्त त्रास होऊ शकतो.

डायरेक्ट बिलिरुबिन वाढलं असेल तर गोष्टच वेगळी. तिथे १.८सुद्धा मी सोडून देत नाही. घरच्या घरी कळणारी खूण अशी की डायरेक्ट बिलिरुबिन लघवीत उतरतं आणि लघवी गडद होते. इनडायरेक्ट उतरत नाही. डोळे पिवळे पण लघवी नेहमीसारखी, असं गिल्बर्टमध्ये दिसतं.

अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलंय, पण एसजीपीटी ठीक आहे.

हे एन्झाइम पित्तनलिकांइतकंच हाडांतूनही येतं. वाढत्या वयाच्या मुलांत प्रौढांच्या दुप्पट-तिप्पट असणं स्वाभाविक. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत ते वारेतून येतं. प्रौढांमध्ये वाढलेलं असेल तर जीजीटी पाहायचं. तेही वाढलं असेल तर उगम यकृतात, आणि पुढची पायरी सोनोग्राफी. जीजीटी नॉर्मल असेल तर हाडांकडे, ड जीवनसत्त्वाकडे वळायचं.

औषध चालू असताना एन्झाइम्स वाढले. औषध बंद करू का?

स्वतःच्या मनाने नको. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांवर एसजीपीटी तिपटीच्या आत वाढलं तर गोळी सहसा चालूच ठेवतात. ती सोडल्याने हृदयाचं नुकसान होण्याची भीती जास्त. साधं पॅरासिटामॉलही रोज पूर्ण ४ ग्रॅम सलग काही दिवस घेतलं तर निरोगी माणसांतही एसजीपीटी तिपटीवर गेलेलं दिसतं.

क्षयावरच्या औषधांत नियम कडक आहे. मळमळ, उलटी, कावीळ अशी लक्षणं असतील तर तिपटीवर, आणि काहीही त्रास नसेल तर पाचपटीवर औषधं थांबवतात, तेही उपचार करणाऱ्यांच्या देखरेखीखाली.

कुठल्याही औषधावर एक जोडी मात्र जागच्या जागी दखल घेण्यासारखी: एसजीपीटी तिपटीहून जास्त आणि त्याचबरोबर बिलिरुबिन दुपटीहून जास्त, पित्तमार्गात अडथळा नसताना. हायमन झिमरमन या डॉक्टरांच्या निरीक्षणावरून याला 'हायचा नियम' म्हणतात. अशा रुग्णांपैकी दहातल्या सुमारे एकाचं यकृत निकामी होऊन जीव धोक्यात येतो. एकटं एसजीपीटी तिप्पट असणं आणि सोबत बिलिरुबिनही चढणं यांत एवढं अंतर आहे.

पुन्हा तपासणी कधी करायची?

ताप, नवं औषध, जोरदार व्यायाम असं तात्पुरतं कारण स्पष्ट असेल तर ते दूर करून दोन ते चार आठवड्यांनी, शक्यतो त्याच लॅबमध्ये. असं कारण नसेल तर नुसतं 'तीन महिन्यांनी बघू' म्हणत राहण्यात मला अर्थ वाटत नाही. वाढलेले आकडे बऱ्याच जणांत वाढलेलेच राहतात आणि हिपॅटायटिसची तपासणी तेवढी लांबते. आकडे सहा महिन्यांहून जास्त वर राहिले आणि वरची कारणं सापडली नाहीत, तर लोह साठण्याचा आजार, स्वप्रतिकारशक्तीचा हिपॅटायटिस, थायरॉइड, गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणारा सीलिअॅक, आणि तरुणांमध्ये तांबं साठवणारा विल्सनचा आजार तपासतात.

लगेच दवाखाना गाठायचा, असं कधी?

डोळे पिवळे आणि लघवी गडद झाली. शौच पांढुरकं झालं. कावीळीबरोबर थंडी वाजून ताप आला. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा दिवसा झोपून रात्री जागा राहू लागला. हिरड्यांतून किंवा उलटीत रक्त आलं, शौच डांबरासारखं काळं झालं, पोटात पाणी साठलं. अशा वेळी आयएनआर त्याच दिवशी व्हायला हवा. एसजीपीटी त्या दिवशी पन्नास असो की पाचशे, त्याच्या रिपोर्टची वाट पाहत घरी थांबू नका.